बटण कोणी दाबायचं?

नमस्कार श्रोतेहो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करता करता निवडणुकीची ड्यूटी चुकली नाही, आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन खान्देशातल्या कितीतरी गावांत मुक्काम झाले. त्या अनुभवावर आज दिव्यांग मतदारांविषयी बोलणार आहे. बोलणं लोकसभा-विधानसभेच्या मतदानापुरतं आहे, तेवढं लक्षात ठेवा.

आधी एक घर डोळ्यांसमोर आणा. समजा, चोपडा तालुक्यातलं एक गाव. घरात नवरा-बायको, दोघांनाही दिसत नाही. बायको अंधशाळेत शिकलेली, ब्रेल भराभर वाचते. नवऱ्याची नजर पन्नाशीनंतर गेली, त्यामुळे बोटांना ब्रेल ओळखीचं नाही. मुलगा बावीस वर्षांचा, मुलगी सोळाची. मतदानाच्या दिवशी मुलगा दोघांना घेऊन निघतो. त्याचा हिशोब साधा असतो, आधी आईचं मत टाकू, मग बाबांचं.

तो हिशोब केंद्रावर मोडतो. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९-एन हा नियम सांगतो की ज्याला अंधत्वामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, त्याला केंद्राध्यक्षाची खात्री पटल्यावर एक सोबती आत नेता येतो. सोबती किमान १८ वर्षांचा हवा आणि एका दिवसात त्याने एकाच मतदाराचा सोबती व्हायचं. हे बंधन एका केंद्रापुरतं नाही. या केंद्रावर आईचा सोबती झालात, तर शेजारच्या गावातल्या मामाचाही होता येत नाही. सोबत्याकडून दोन गोष्टी लिहून घेतात: मत गुप्त ठेवीन, आणि आज दुसऱ्या कोणाचा सोबती झालेलो नाही. त्याची नोंद नमुना १४-अ मध्ये होते. सोळा वर्षांची मुलगी कितीही हुशार असली तरी चालत नाही. आणि केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने तर कोणाचंही बटण दाबायचं नसतं. ‘मास्तर, तुम्हीच दाबून द्या’ असं म्हणणारे भेटायचे. विश्वास म्हणून ते गोड वाटतं, पण करायचं नाही म्हणजे नाही.

नियम असा का, ते गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एकाच माणसाला दिवसभर सोबती होऊ दिलं, तर एखादा कार्यकर्ता सकाळी खुर्ची टाकून बसेल आणि गावातल्या सगळ्या आंधळ्या-थकल्यांची मतं संध्याकाळपर्यंत एकटाच दाबून मोकळा होईल.

मग आपल्या घरातल्या दोघांचं काय? मुलाने बाबांसोबत जावं आणि आईने एकटीने मत द्यावं. तिला ते करता येतं, फक्त बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलं नसतं. केंद्राध्यक्षाकडे ब्रेलमध्ये छापलेली नमुना मतपत्रिका असते. ती मागून घ्यायची. बोटं फिरवून उमेदवारांची नावं वाचायची आणि आपल्याला हवा त्याचा अनुक्रमांक लक्षात ठेवायचा. समजा तो ५ आहे. पत्रिका परत द्यायची आणि मतदान कक्षात जायचं. बॅलट युनिटवर, म्हणजे मत द्यायच्या मशिनवर, निळ्या बटणांची उभी रांग असते आणि प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडा उमटवलेला असतो. वरून खाली बोट सरकवत ५ च्या आकड्यावर थांबायचं, त्याच्याजवळचं निळं बटण दाबायचं आणि हात काढून घ्यायचा. लगेच आवाज येत नाही, शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्रात मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी छापून ती काचेमागे साधारण सात सेकंद दिसते. त्यानंतर लांब बीप ऐकू येते. बीप ऐकल्याशिवाय कक्ष सोडायचा नाही. पुष्कळ वेळा माणूस बटण नीट दाबत नाही आणि मत झालं असं समजून निघू लागतो.

एका मशिनवर नोटा धरून १६ बटणं मावतात. उमेदवार जास्त असले की दुसरं मशीन जोडलेलं असतं. तेव्हा आपला उमेदवार कोणत्या मशिनवर कितव्या बटणाला आहे, असं सरळ विचारू नका. त्याचं उत्तर देताना तुमचा उमेदवार सगळ्या खोलीला कळतो. ‘पहिलं मशीन कोणत्या हाताला, आणि दुसऱ्यावर कोणत्या क्रमांकापासून सुरू होतं?’ एवढंच विचारा.

या पद्धतीत एक उणीव आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे दिसते, ती बोटांनी वाचता येत नाही. एकटीने मत देणाऱ्या अंध बाईला मत कोणाला गेलं हे स्वतः तपासता येत नाही, तिच्या हाती फक्त ब्रेलचा आकडा आणि बीप असते. चिठ्ठी पडताळायची असेल तर डोळस सोबती हवा, आणि सोबती आला की मत दोघांना ठाऊक झालं. यातलं काय निवडायचं ते तिने ठरवावं, नवऱ्याने किंवा मुलाने नाही. माझं मत विचाराल तर ब्रेल येत असेल तर एकटीने जावं.

आता बाबा आणि मुलगा. इथे गुप्तता फुटते ती बहुधा आवाजामुळे. मतदान कक्ष म्हणजे तीन बाजूंनी आडोसा असलेलं टेबल, भिंत नाही. शाळेच्या वर्गात चार-पाच कर्मचारी आणि उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले. अशा शांततेत मुलगा आपल्या घरच्यासारख्या मोठ्या आवाजात विचारतो, ‘बाबा, कोनतं बटन दाबू?’ आणि बाबा त्याहून मोठ्याने चिन्हाचं नाव घेतात. कानाने कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर हे हटकून होतं. उपाय सोपा आहे, पण घरी करायचा. आदल्या दिवशी उमेदवारांची यादी बाबांना अनुक्रमांकासकट वाचून दाखवायची. केंद्रावर तोंडाने काहीच बोलायचं नाही. कक्षात बाबांनी मुलाच्या तळहातावर बोटाने आकडा काढायचा, किंवा तळहात तितक्या वेळा दाबायचा. बाबांचा हात चालत असेल तर मुलाने त्यांचंच बोट योग्य बटणावर नेऊन ठेवावं आणि दाबू त्यांना द्यावं. चिठ्ठीवर काय छापलंय ते कानात सांगावं. आणि बाहेर पारावर आल्यावर ‘बाबांनी कोणाला दिलं रे?’ असं कोणी विचारलं तर आपण लिहून दिलेलं आठवावं.

सोबती कोणाला मिळत नाही, हेही स्पष्ट असावं. लिहिता-वाचता येत नाही हे कारण पुरत नाही. आणि व्हीलचेअरवरच्या ज्या माणसाचे हात-डोळे शाबूत आहेत, त्याचा मदतनीस खुर्ची कक्षापर्यंत ढकलतो आणि मागे येतो. तिथे मात्र टेबलाची पंचाईत होते. गुडघे टेबलाखाली गेले नाहीत तर माणूस हात लांबवून बटण दाबायला बघतो, मग मदतनीस ‘थांबा, मीच दाबतो’ म्हणतो, आणि चांगल्या हातांच्या माणसाचं मत दुसऱ्याच्या बोटाने पडतं. सकाळच्या मॉक पोलआधीच, म्हणजे मशीन तपासायच्या चाचणी मतदानाआधीच, एखाद्या कर्मचाऱ्याने खुर्चीत बसून बटण आणि चिठ्ठीची काच बसल्या जागेवरून जमते का ते बघितलं, तर टेबल तेव्हाच बदलता येतं.

पण आधी खुर्ची त्या टेबलापर्यंत यायला हवी ना? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ११ वं कलम प्रत्येक मतदान केंद्र दिव्यांगांना सुगम असावं अशी जबाबदारी निवडणूक आयोगांवर टाकतं. कागदावर ‘रॅम्प आहे’ अशी खूण करणं सोपं असतं, म्हणून स्वतः माप घ्या. नियम एकास बाराचा. शाळेच्या ओट्याला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उंची झाली दीड फूट. दीड गुणिले बारा, म्हणजे उतार अठरा फूट लांब हवा. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी आदल्या संध्याकाळी कोणाच्या तरी बांधकामावरून सहा फुटांची फळी येते आणि पायऱ्यांवर टेकते. तो उतार एकास चारचा होतो. चढताना खुर्चीची पुढची चाकं उचलली जातात आणि माणूस मागे उलटू शकतो. ढकलणाऱ्याला खुर्चीवर अंग टाकावं लागत असेल, तर उतार जास्त तीव्र आहे असं समजा. अशा ठिकाणी एकाने मागून ढकलावं, एकाने समोरून धरावं, आणि उतरताना खुर्ची उलटी, म्हणजे पाठीकडून खाली न्यावी.

उतार बरोबर असूनही खुर्ची दारात अडते. शाळांची दारं दोन झडपांची असतात आणि एक झडप वर्षानुवर्षं वरून-खालून कडी घालून बंद असते. एका झडपेतून माणूस जातो, खुर्ची जात नाही. आदल्या दिवशी दोन्ही कड्या तेल घालून मोकळ्या करायच्या, आणि उंबऱ्याला आतून-बाहेरून लाकडाची पाचर द्यायची. याला सरकारी मंजुरी लागत नाही, मुख्याध्यापक आणि कोतवाल मिळून अर्ध्या तासात होतं.

आता घरून मतदान. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्यांना आणि ८५ वर्षांवरच्यांना नमुना १२-ड भरून ही सोय मागता येते. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज द्यायचा असतो, म्हणजे प्रचाराचा धुरळा उडायच्या आधीच मुदत संपते. अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. कर्मचारी कागदी मतपत्रिका घेऊन घरी येतात, सोबत चित्रीकरण करणारा आणि पोलीस असतो, उमेदवारांचे प्रतिनिधीही येऊ शकतात. अंथरुणाला खिळलेल्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. पण घरात सून, नातवंडं, शेजारीण, सगळे कौतुकाने खाटेभोवती उभे राहतात. केंद्रावर निदान आडोसा ठरलेला असतो. पथक आलं की घरच्यांनी अंगणात जावं, आणि जात नसतील तर मतदाराने पथकाला तसं सांगावं. खाटेवरून का होईना, आडोसा मागायचा त्याला हक्क आहे.

खान्देशात २०२४ ची लोकसभा मे महिन्यात झाली: जळगाव, रावेर, नंदुरबार १३ तारखेला, धुळे २० तारखेला. त्या उन्हात दुपारी खुर्चीचा लोखंडी दांडा हाताला सोसत नाही, तेव्हा पुढच्या वेळी सकाळी सातलाच निघा. रांगेत दिव्यांगांना आधी सोडतात, मागायला लाजू नका. मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद नसेल तर नमुना ८ भरून बीएलओकडे, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, आत्ताच द्या, निवडणूक लागायची वाट बघू नका. त्या नोंदीवरूनच कोणत्या केंद्रावर व्हीलचेअर पाठवायची ते ठरतं. व्हीलचेअर किंवा ने-आण करणारं वाहन निवडणूक आयोगाच्या ॲपवरून मागता येतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी १९५० वर फोन लावावा.