फीपेक्षा मोठा आकडा

(लातूर जिल्ह्यातल्या एका गावात पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, 'लेकराच्या शाळेला किती लागतात?' असं विचारलं की तुम्ही फी सांगता. आज फी बाजूला ठेवू आणि बाकीचं मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

लेकरू चौथीत, तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. फी १८,००० रुपये. आता गाडीपासून सुरू करू, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथंच पडतो. महिन्याला ११०० रुपये म्हणजे दहा महिन्यांचे ११,०००. पण दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीचे पैसे घेतात का, हे जूनमध्येच विचारा. बारा महिने धरले तर २२०० वाढतात. गाडीवाल्याशी भांडू नका. २०११च्या स्कूलबस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असते आणि भाड्याचा विषय तिच्याकडेच येतो. तिथं विचारा.

वह्या-पुस्तकांचा संच ४२००. थोरल्याची पुस्तकं धाकट्याला चालतील असं धरून बसू नका. खासगी प्रकाशनाच्या पुस्तकात उत्तरं तिथंच लिहायची असतात, त्यामुळे वर्षाअखेर त्याची रद्दीच होते. बालभारतीचं तसं कमी होतं.

गणवेशाचे दोन जोड १८००, शनिवारचा खेळाचा ड्रेस ७००, बूट-मोजे ९००. म्हणजे कपड्यांचे ३४००. डायरी, ओळखपत्र, परीक्षा शुल्क मिळून ८००. सहल १२००. गॅदरिंगची वर्गणी ६०० आणि नाचाच्या भाड्याच्या ड्रेसचे ४००. हे ४०० पावतीवर कधीच येत नाहीत. शिवाय प्रोजेक्टचा कार्डशीट, वाढदिवसाची चॉकलेटं असं महिन्याला शंभरेक, म्हणजे हजार.

बेरीज २२,६००. फीपेक्षा जास्त!

पण आपल्याकडं खरी अडचण बेरजेची नाही, तारखेची आहे. पुस्तकं, कपडे, डायरी-परीक्षा आणि गाडीचे पहिले दोन महिने मिळून १०,६०० रुपये एकट्या जूनमध्ये जातात. त्याच जूनमध्ये मृग लागतो, सोयाबीनचं बियाणं आणि खताची पोती घ्यायची असतात. सोयाबीनचा पैसा येतो दिवाळीच्या आगेमागे. मग उचल घ्यावी लागते आणि तिचं व्याज आपण शाळेच्या खर्चात मोजतच नाही. म्हणून वर्षाला बारानं भागून १९०० काढणं पगारदाराला ठीक. शेतकऱ्यानं माल विकला की पुढच्या जूनचे पैसे वेगळे काढावेत.

काही खर्च पुढंही ढकलता येतो. पुस्तकं नाही, ती पहिल्या आठवड्यातच लागतात. खेळाचा ड्रेसही पहिल्याच शनिवारी लागतो. पण गणवेशाचा दुसरा जोड दिवाळीनंतर घ्या. तोवर लेकरू वाढलेलं असतं, माप बरोबर येतं आणि जूनचा आकडा ९,७०० वर येतो. पावसाळ्यात एकच जोड वाळत नाही, असं बाया म्हणतील, आणि ते खरं आहे. त्यांनी जुन्या गणवेशाची शिवण उसवून तो दोन महिने चालतो का, ते आधी पाहावं.