दोन सेकंदांची खिडकी

[दृश्य: बाकावर दहा लिटरचा वॉटर बाथ. शेजारी हीट सिंकवर बसवलेला एसएसआर, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले. त्याचा लाल दिवा थोडा वेळ लागतो, मग बराच वेळ विझतो.]

या भांड्यातलं पाणी 60 अंशांवर धरून ठेवायचं आहे. हीटर 1500 वॅटचा. पाणी एकदा तापलं की भिंतींतून आणि वाफेवाटे जेवढी उष्णता निघून जाते, तेवढीच भरून काढायची. झाकण ठेवलं असेल तर ती साधारण 300 वॅट धरू. म्हणजे हीटरच्या ताकदीचा पाचवा हिस्सा, 20 टक्के.

आता 1500 वॅटच्या हीटरकडून 300 वॅट काढायचे कसे? मायक्रोकंट्रोलर हाताळलेल्या कुणालाही पहिलं उत्तर सुचतं ते पीडब्ल्यूएमचं. एलईडी मंद करतो, मोटरचा वेग कमी करतो, तसंच इथेही `analogWrite` करून टाकू. अर्डुइनो उनोच्या 9 नंबरच्या पिनवर सेकंदाला साधारण 490 पल्स निघतात. त्या एसएसआरला दिल्या की काम झालं, असं वाटतं.

[दृश्य: वीजमीटर जवळून. `3200 imp/kWh` ही अक्षरं आणि लुकलुकणारा लाल दिवा.]

झालं की नाही, ते हा मीटर सांगेल. एका युनिटला 3200 लुकलुक. 1500 वॅटचा हीटर पूर्ण चालू असेल तर मिनिटाला 80. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, 20 टक्क्यांचा पीडब्ल्यूएम सोडायचा आणि मिनिटभर मोजायचं. 16 यायला हवेत.

एसएसआर रँडम टर्न-ऑन जातीचा असेल तर आकडा 80 च्या जवळच येतो. पाचवा हिस्सा मागितला आणि जवळजवळ सगळंच पदरात पडलं!

[दृश्य: फळ्यावर 50 हर्ट्झची साइन वेव्ह. खडूने शून्याच्या जागा ठळक केल्या जातात.]

कारण एसएसआरच्या पोटात आहे. एसीच्या एसएसआरमध्ये ट्रायॅक किंवा पाठीला पाठ लावलेले दोन एससीआर असतात. त्यांना चालू करणं आपल्या हातात असतं, बंद करणं नसतं. एकदा वाहायला लागले की करंट शून्यावर येईपर्यंत ते थांबत नाहीत. आपल्या विजेत हा शून्य दर 10 मिलिसेकंदांनी येतो.

आपल्या पल्स मात्र दर 2 मिलिसेकंदांनी येतात. हाफ सायकल सुरू होते, पहिल्या 2 मिलिसेकंदांतच कुठलीतरी पल्स एसएसआरला जागं करते आणि मग उरलेली हाफ सायकल तो चालूच राहतो. मधल्या मधे पल्स खाली गेली काय नि वर आली काय, त्याला फरक पडत नाही. सुरुवातीचे ते 2 मिलिसेकंद पूर्ण हुकले तरी फक्त 5 टक्के वीज वाचते, कारण तिथे व्होल्टेजच कमी असतं.

बाजारात जास्त मिळतात ते झिरो क्रॉस जातीचे. ते शून्याच्या आसपासच्या चिंचोळ्या फटीत सिग्नल असेल तरच चालू होतात. त्यांच्या बाबतीत पल्स फटीत सापडली तर अख्खी हाफ सायकल मिळते, हुकली तर अख्खी जाते. पल्स बरोबर 500 हर्ट्झच्या असत्या तर प्रत्येक हाफ सायकलमध्ये त्याच जागी येऊन एकतर सगळ्या सापडल्या असत्या, नाहीतर सगळ्या हुकल्या असत्या. 490 असल्यामुळे त्या सरकत राहतात आणि हीटरला काय मिळेल ते नशिबावर ठरतं. त्या नशिबावर, तापमान बघून हीटरची टक्केवारी ठरवणारा पीआयडी ट्यून करत बसणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. दोष आकड्यांत नसतोच.

[दृश्य: पुन्हा एसएसआरचा दिवा. बाजूला स्टॉपवॉच.]

मग उपाय उलट्या दिशेचा: घाई सोडायची. दोन सेकंदांची एक खिडकी धरायची. त्यात 200 हाफ सायकली बसतात. 20 टक्के हवेत ना? 40 हाफ सायकली चालू, 160 बंद. म्हणजे 0.4 सेकंद दिवा लागला, 1.6 सेकंद विझला. एसएसआरला यात काहीच अवघड नाही, कारण तो पूर्ण हाफ सायकलीच मोजून देतो. एखादी इकडे-तिकडे झाली तर चूक अर्ध्या टक्क्याची.

पण पाणी गार-गरम होत राहील, अशी शंका येते. हिशोब करू. 10 लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 42,000 ज्यूल लागतात. बंद असलेल्या 1.6 सेकंदांत 300 वॅटने 480 ज्यूल गेले. तापमान उतरलं सव्वा शतांश अंशाहूनही कमी. इथे लावलेला डीएस18बी20 सेन्सर जास्तीत जास्त बारीक वाचतो ते 0.0625 अंशाच्या पायरीने. त्या पायरीच्या पाचव्या हिश्शात ही सगळी चढउतार संपते. पाण्याला हीटरची उघडझाप कळतच नाही.

सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला मात्र ती कळेल. तिथे धातू चिमूटभर, म्हणून खिडकीही लहान हवी. पण फार लहान केली तर दुसरं दुखणं: 0.2 सेकंदांच्या खिडकीत 20 च हाफ सायकली, म्हणजे 5 टक्क्यांची पायरी. शिवाय साडेसहा अँपिअरच्या झटक्यांनी त्याच लाइनवरचे दिवे फडफडतात, आणि सेकंदाला आठ-नऊ वेळा होणारी फडफड डोळ्याला सगळ्यात जास्त खुपते.

मोठी खिडकी कॉन्टॅक्टरवाल्यांची. दोन सेकंदांची खिडकी म्हणजे दिवसाला 43,200 वेळा उघडझाप. लाखभर उघडझापींच्या आयुष्याचा साधा रिले तिथे तिसऱ्या दिवशीच संपेल. म्हणून रिले असेल तर 20 सेकंद किंवा जास्त ठेवतात. कारखान्यातल्या टेम्परेचर कंट्रोलरवर ‘सायकल टाइम’ म्हणून जी सेटिंग दिसते, ती हीच.

[दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर कोड.]

```
unsigned long now = millis();
if (now - windowStart >= 2000) {
  windowStart += 2000;
  onTime = Output;   // 0..2000
}
digitalWrite(SSR, now - windowStart < onTime);
```

यातली `onTime = Output` ही ओळ खिडकीच्या सुरुवातीलाच चालते, हे नीट बघा. पीआयडी मधेच नवा आकडा काढतो. तो तिथल्या तिथे लागू केला तर एकाच खिडकीत हीटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि टक्केवारीचा हिशोब बिघडतो. पीआयडीला `SetOutputLimits(0, 2000)` सांगितलं की त्याचं उत्तर थेट मिलिसेकंदांत येतं. आता मीटर पुन्हा मोजा: मिनिटाला 16.

डीसी हीटरची गोष्ट वेगळी. थ्रीडी प्रिंटरच्या 24 व्होल्टच्या बेडमागे मॉसफेट असतो, तो हवा तेव्हा बंद होतो. तिथे वेगवान पीडब्ल्यूएम खुशाल चालवा.

[दृश्य: हीट सिंक. नंतर हीटरच्या वायरला लावलेला क्लॅम्प मीटर.]

एसएसआर चालू असताना त्याच्यात एक-सव्वा व्होल्ट पडतो. साडेसहा अँपिअरला सात-आठ वॅट उष्णता झाली. हीट सिंकशिवाय पूर्ण तापवणीच्या वेळी तो जळतो, आणि जळताना बहुतेकदा शॉर्ट होऊन चालूच राहतो. ओळखायचं असं: कंट्रोलर शून्य टक्के दाखवतोय, एसएसआरचा दिवा विझलाय आणि क्लॅम्प मीटर साडेसहा अँपिअर दाखवतोय. अशा वेळी कोड काही करू शकत नाही. म्हणून हीटरच्या फेज वायरमध्ये, एसएसआरच्या सिरीजला, हाताने रीसेट करायचा थर्मल कटआउट हवाच. इथे तो 80 अंशांचा आहे.

आणि धडधाकट एसएसआर बंद असतानाही थोडा करंट गळतो. टेस्टर लावला तर मिणमिणतो. तो बिघाड नव्हे. पण दिवा विझलाय म्हणून हीटरच्या टर्मिनलला हात लावू नका. आधी प्लग काढा.