चार कापांत अकरा की पंधरा?

नमस्कार. समोर मावा केक ठेवलाय, पण तो व्याख्यान संपेपर्यंत कुणालाही मिळणार नाही. पुण्यात श्रोत्यांना शेवटपर्यंत बसवून ठेवायला एवढी लाच पुरते, असं संयोजकांचं म्हणणं आहे.

प्रश्न साधा आहे. सुरी सरळ चालवायची, कापलेले तुकडे जागचे हलवायचे नाहीत. चार कापांत जास्तीत जास्त किती तुकडे होतील? तुकडे सारखे असण्याची अट नाही. घरी वाढदिवसाला आपण चारही काप मधोमध नेतो आणि आठ तुकडे पाडतो. वाटणीला ते ठीक आहे, पण आज आपल्याला वाटणी करायचीच नाही.

आधी केककडे फक्त वरून बघू आणि सुरी उभी धरू. म्हणजे कागदावरचं एक वर्तुळ आणि त्यावर सरळ रेषा. एका रेषेने दोन तुकडे. दुसरी पहिलीला छेदून गेली की चार. तिसरीने आठ होतील असं मनात येतं, पण होतात सात. कितीही फिरवून बघा, चारांपैकी एक तुकडा तिच्या तावडीतून सुटतोच.

असं का होतं, ते तिसऱ्या रेषेबरोबर चालून बघितलं की कळतं. आपण काठावरून आत शिरलो, एका तुकड्यातून चाललो. पहिली रेषा ओलांडली, दुसऱ्या तुकड्यात आलो. दुसरी ओलांडली, तिसऱ्या तुकड्यात आलो, आणि पलीकडच्या काठाने बाहेर पडलो. ओलांडायला रेषाच दोन होत्या, आणि सरळ रेषा दुसऱ्या सरळ रेषेला दोनदा भेटत नाही. म्हणून तीनच तुकडे वाटेत आले. त्या प्रत्येकाचे दोन झाले, म्हणजे तीनची भर पडली. चौथी रेषा तीन रेषा ओलांडते, चार तुकड्यांतून जाते, चारची भर घालते. सातात चार मिळवले की अकरा. पाचवीने सोळा, सहावीने बावीस. आधीचे काप किती, त्यात एक मिळवा, तेवढे तुकडे नवा काप जास्तीत जास्त वाढवतो. सगळं रहस्य एवढंच.

आता हे घरी करून बघताना गडबड कुठे होते? बहुतेकांचे नऊ किंवा दहा तुकडे होतात आणि मग सूत्रच चुकलं असं वाटतं. अशा वेळी तुकडे मोजत बसू नका, छेदनबिंदू मोजा. चार रेषांच्या जोड्या सहा, म्हणून केकच्या आत सहा वेगवेगळे छेदनबिंदू दिसले पाहिजेत. एक अधिक चार काप अधिक सहा छेद, झाले अकरा. पाचच छेद दिसले तर तुकडे दहा. सहावा गेला कुठे? एक तर दोन रेषा समांतर आहेत, किंवा त्या भेटतात पण केकच्या बाहेर, टेबलावर कुठेतरी. तीन रेषा एकाच बिंदूतून गेल्या असतील तर मात्र छेद चारच दिसतात, तरी तुकडे दहाच होतात. तिथे एक तुकडा जन्मायच्या आधीच चिरडला जातो. वाढदिवसाच्या केकचं तेच होतं, सगळे छेद मधल्या एका बिंदूत कोंबलेले असतात.

सपाट कागदाचं हे उत्तर झालं. पण केकला उंची असते, आणि सुरी आडवी किंवा तिरकी धरायला कुणी मनाई केलेली नाही. मग तीन कापांत खरोखर आठ तुकडे होतात: दोन उभे काप एकमेकांना काटकोनात, आणि तिसरा आडवा, केकच्या निम्म्या उंचीवर. वर चार, खाली चार. एक, दोन, चार, आठ. आता चौथ्याला सोळा म्हणायचा मोह कुणाला होणार नाही?

इथे पुन्हा तेच करायचं, फक्त या वेळी सुरीने उघडलेल्या पृष्ठभागाकडे बघायचं. चौथा काप तिरका घातला. त्याच्या पृष्ठभागावर आधीचे तीन काप कसे दिसतील? तीन रेषांसारखे! आणि तीन रेषा एखाद्या पृष्ठभागाचे जास्तीत जास्त सातच भाग करतात, हे आपण आत्ताच बघितलं. त्यातला एकेक भाग एकेका तुकड्याला मधून चिरतो. म्हणून भर सातची, आणि आठात सात मिळवून पंधरा. पाचव्या कापावर चार रेषा उमटतात, अकरा भाग होतात, बेरीज सव्वीस. कागदावरची उत्तरं ही घन केकमधली भर होऊन बसतात.

सुटलेला तुकडा कोणता, तेही दाखवतो. तिन्ही काप जिथे भेटतात तो केकच्या पोटातला बिंदू लक्षात घ्या. चौथा काप त्याला न शिवता, अगदी जवळून, वरच्या पुढच्या उजव्या तुकड्याच्या आतल्या कोपऱ्याला छाटून न्यायचा. मग खालचा मागचा डावा तुकडा अभंग राहतो, बाकी सातही चिरले जातात. छाटलेला तो कोपरा म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा एक छोटा चतुष्फलक. त्याच्या चार बाजूंना लागून चार तुकडे, सहा कडांना लागून सहा, चार टोकांना लागून चार, आणि तो स्वतः एक. पंधरा भरले. क्रीमचा केक असता तर या मधल्याला क्रीमचा थेंबही लागला नसता, सगळ्या बाजूंनी तो पोटातच आहे.

(एका मुलीने विचारलं, “सर, कापलेले तुकडे एकावर एक रचून मग सुरी चालवली तर?”) मग सोळाही होतील! प्रत्येक वेळी सगळे तुकडे सुरीखाली आणता येतात, म्हणून दरवेळी दुप्पट. तुकडे हलवायचे नाहीत ही अट मी त्यासाठीच घातली होती.

कागद आणि अवकाश असे सरळ कापांनी किती भागांत विभागता येतात, यावर याकोब श्टाइनर या स्विस भूमितीकाराने 1826 साली लेख लिहिला. पण ज्या आकड्यांनी हे मोजायचं, ते आपल्याकडे फार आधीपासून आहेत. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तिच्यात मेरुप्रस्तार मांडलेला आहे: वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज खाली लिहीत जायचं. लघु-गुरूंच्या रचना मोजण्यासाठी ती मांडणी होती. तिच्यातली चारची ओळ घ्या: 1, 4, 6, 4, 1. पहिल्या तीन आकड्यांची बेरीज अकरा, म्हणजे कागदावरचा केक. तोच एक, तेच चार काप, तेच सहा छेद. पुढचा 4 म्हणजे तीन-तीन काप एकत्र भेटतात असे केकच्या आतले बिंदू; तो धरला की पंधरा. उरलेला शेवटचा 1 मिळवला असता तर सोळा झाले असते. त्यासाठी चारही काप एका बिंदूत भेटूनही कुठलाच तुकडा चिरडला जायला नको, आणि ते जमायला केकला चौथी मिती लागते.

पाचची ओळ 1, 5, 10, 10, 5, 1. पहिल्या चारांची बेरीज मघाचे सव्वीस येते का, ते तुम्ही करून बघा. तोवर मी सुरी धुऊन आणतो.