अंदाजांमागची गृहीतके: विखुरलेल्या स्लाइडपासून एका नोंदवहीपर्यंत

आर्थिक सादरीकरणात गृहीतके नसतात असे नाही. ती सगळीकडे असतात आणि म्हणूनच कुठेच सापडत नाहीत. एक स्लाइडच्या तळटिपेत, दुसरे आलेखाच्या शीर्षकात, तिसरे वक्त्याच्या टिपणांत आणि सर्वांत त्रासदायक असे चौथे कुठेही न लिहिता केवळ आकड्याच्या पोटात. आज मी प्रामुख्याने या चौथ्या प्रकाराबद्दल बोलणार आहे, कारण लिहिलेली गृहीतके गोळा करणे हे चिकाटीचे काम आहे, तर न लिहिलेली आकड्यातून उलगडून काढावी लागतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. 38 स्लाइडचे सादरीकरण आहे. सातव्या स्लाइडवर पुढील वर्षाची विक्री 73 कोटी दाखवली आहे. बाविसाव्या स्लाइडवरील ताळेबंदात वर्षअखेरची येणी 9 कोटी आहेत आणि शिल्लक रोख अडीच कोटी. ग्राहकांकडून पैसे किती दिवसांत येतील, याबद्दल या दोन्ही स्लाइडवर एक शब्दही नाही. तरीही 73 कोटींना 365 ने भागले की दिवसाची विक्री 20 लाख येते, आणि 9 कोटी येणी म्हणजे 45 दिवसांची विक्री. ताळेबंद करणाऱ्याने 45 दिवस धरले आहेत. त्याने ते लिहिले नाही, इतकेच. (असा हिशेब करताना दोन गोष्टी तपासाव्यात. येण्यांत कर धरलेला आणि विक्रीत वगळलेला असेल, तर दिवस फुगलेले दिसतात. आणि विक्री हंगामी असेल, तर वर्षाच्या सरासरीऐवजी शेवटच्या तिमाहीची विक्री घ्यावी लागते. आपल्या उदाहरणात या दोन्ही अडचणी नाहीत असे समजू.)

आता एकतिसाव्या स्लाइडवर, परिशिष्टात, बारीक अक्षरांत लिहिले आहे: ‘देयकांची वसुली 60 दिवसांत’. साठ दिवस धरले तर येणी 12 कोटी होतात, रोख 3 कोटींनी घटते आणि अडीच कोटींची शिल्लक उणे 50 लाखांवर जाते. दोन्ही स्लाइड अनेक जणांनी वाचलेल्या असतात. पण त्या एकमेकींशेजारी ठेवून कोणी वाचलेल्या नसतात.

येथे बहुतेक जण एक चूक करतात. सगळी गृहीतके एकत्र उतरवायच्या नोंदवहीत ‘वसुलीचे दिवस’ अशी एकच ओळ करून तिच्यात मधला आकडा किंवा वरिष्ठांचा आकडा भरतात. माझ्या मते पहिल्या फेरीत दोन्ही आकडे स्वतंत्र ओळींत, जसे आहेत तसे उतरवावेत आणि प्रत्येकापुढे तो कोठून आला ते विचारून लिहावे. आपल्या उदाहरणात उत्तर असे मिळते की 45 दिवस हे गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष वसुलीवरून घेतले आहेत, तर 60 दिवस विक्री विभागाने नव्या मोठ्या ग्राहकांच्या करारांवरून. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त कोणाला लागू, हे लिहायचे राहिले. विक्रीचा एक तृतीयांश भाग नव्या ग्राहकांचा असेल, तर सरासरी 50 दिवस येते, येणी 10 कोटी आणि रोख दीड कोटी. शिवाय ‘नव्या ग्राहकांचा वाटा एक तृतीयांश’ हे तिसरे गृहीतक उघडे पडते, जे आधी कोणाच्याच स्लाइडवर नव्हते.

म्हणून नोंदवहीच्या प्रत्येक ओळीत पूर्ण वाक्यात विधान, मूल्य व एकक, व्याप्ती, आधार, जबाबदार व्यक्ती, शेवटची तपासणी आणि ते वापरणाऱ्या स्लाइडचे क्रमांक असावेत. यांपैकी व्याप्तीचा रकाना सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि वाद बहुधा तिथेच असतो. ओळींची संख्या मात्र आवरावी: मूल्य शक्य त्या मर्यादेत हलवूनही रोख किंवा नफा लक्षणीय हलत नसेल, तर ती नोंद मागच्या पानावर गेली तरी चालते. दोनशे ओळींची नोंदवही कोणी वाचत नाही, मीसुद्धा नाही.

यानंतरही एक चाचणी उरते. नोंदवही नीट लिहिली, पण गणनपत्रकातील सूत्र तिच्याकडे पाहतच नसेल, तर ती केवळ शोभेची ठरते. अशा सूत्रात आकडा थेट टंकलेला दिसतो:

```
=B7*45/365
```

येथे 45 च्या जागी नोंदवहीतील मूल्यांवरून निघणाऱ्या सरासरी दिवसांच्या चौकटीचा संदर्भ हवा. तपासण्यासाठी नोंदवहीतील वसुलीच्या दिवसांची दोन्ही मूल्ये तात्पुरती एकेका दिवसाने वाढवावीत. आपल्या उदाहरणात येणी बरोबर 20 लाखांनी वाढली पाहिजेत आणि रोख तितकीच घटली पाहिजे. येणी वाढली पण रोख हलली नाही, तर रोख प्रवाहाच्या पत्रकात कोठेतरी जुना आकडा अजून टंकलेला आहे, आणि शोध तिथून पुन्हा सुरू करावा लागतो.