कागदावर पास, तरी बाळ दचकत नाही

जळगावातल्या कानाच्या एका दवाखान्यात दुपारचे दोन वाजलेत. यावल तालुक्यातल्या खेड्यातून एक आई तीन महिन्यांच्या मुलाला घेऊन आली आहे. वाटेत त्याला झोपू देऊ नका, असं सांगितलं होतं. म्हणून आजीनं एसटीत त्याला सारखं खेळवत ठेवलं. आता दूध पिऊन तो गाढ झोपलाय. कानाची नस मेंदूकडे संदेश नेते का, हे पाहणाऱ्या बेरा तपासणीला हीच झोप लागते.

जन्मानंतर मुलाची कावीळ इतकी वाढली, की रक्त बदलावं लागलं. घरी सोडताना कानांची ओएई तपासणी झाली आणि दोन्ही कानांपुढे ‘PASS’ उमटलं. पण आजी म्हणते, ताट पडलं तरी हा दचकत नाही.

ओएईत कानात मऊ टोकाची नळी बसवून बारीक आवाज सोडतात. त्याला उत्तर म्हणून कानाच्या आतल्या शंखासारख्या भागातल्या केसपेशी स्वतःचा अगदी मंद आवाज परत पाठवतात. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो नोंदवून दाखवला. इथं तो आला, म्हणजे या पेशी शाबूत आहेत. मात्र शंखापुढची नस ही तपासणी पाहतच नाही, आणि वाढलेली कावीळ नेमकी तिथं नि मेंदूच्या देठात घाव घालते. अशा बाळाची नुसत्या ओएईवर बोळवण करूच नये.

बेरासाठी कपाळावर आणि कानांमागे त्वचा पुसून इलेक्ट्रोड चिकटवले. कानात टिकटिक सुरू झाली. एका टिकटिकीचं उत्तर मेंदूच्या इतर हालचालींत बुडून जातं, म्हणून सुमारे दोन हजारांची सरासरी काढतात. तेव्हा कुठे नसेच्या लहरी वर येतात. त्यांतली पाचवी सर्वांत ठळक असते.

आवाज ९० डेसिबलपर्यंत नेला. पाचवी लहर नाही. सुरुवातीला मात्र काही बारीक चढउतार दिसतात. ते नसेचे समजले, तर निदान चुकेल. ऑडिओलॉजिस्ट टिकटिकीची दिशा उलटवते, तसे चढउतारही उलटे होतात. नसेची लहर अशी पालथी होत नाही. मग ती कानाकडे जाणारी नळी चिमटीत दाबते. यंत्राचाच विद्युत गोंधळ असता, तर तो तसाच राहिला असता. इथं रेघ सपाट होते. म्हणजे ही खूण शंखाचीच.

निदान होतं ऑडिटरी न्यूरोपॅथी. आवाज शंखापर्यंत पोचतो, पुढे नसेतून संदेश एका तालात जात नाहीत.

मुलाला नेमकं किती ऐकू येतं, हे या आलेखावरून ठरत नाही. लहर नसूनही काही मुलं आवाजाला प्रतिसाद देतात, आणि काविळीनंतर काहींची नस पहिल्या वर्षभरात सुधारते. म्हणून ऑडिओलॉजिस्ट श्रवणयंत्राचा आकडा आजच ठरवत नाही. बेरा पुन्हा होईल. तोवर आजीनं घरच्या कॅलेंडरवर लिहायचंय, कुठल्या दिवशी कुठल्या आवाजाला तो थबकला.