दोनशे मिलिलिटरच्या बाटलीतली साखर

(दृश्य: सकाळचे साडेसहा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडा डबा, त्यात पोळी आणि मेथीची भाजी. शेजारी केशर-वेलची स्वादाच्या दुधाची सीलबंद बाटली.)

हा डबा तिसरीत शिकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीचा आहे. पोळीभाजी मोठ्या सुट्टीसाठी आहे आणि बाटली छोट्या सुट्टीसाठी. घरी ती साधे दूध पीत नाही, म्हणून निदान या रूपात तरी दूध तिच्या पोटात जावे, एवढाच ती बाटली ठेवण्यामागचा विचार आहे. तो विचार चुकीचा मुळीच नाही, परंतु बाटलीत दुधाखेरीज काय आहे आणि किती आहे, हे तिच्याच पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि सकाळच्या घाईत ते वाचायला कोणालाही सवड नसते. आज आपण ते सावकाश वाचणार आहोत.

(दृश्य: बाटलीवरील पोषणमूल्यांचा तक्ता, जवळून.)

समोरच्या तक्त्यातील आकडे बाजारातल्या अशा दुधात सर्रास आढळणारे आहेत. दर 100 मिलिलिटरला एकूण साखर 12 ग्रॅम आणि त्याच्या खालच्या ओळीत वरून घातलेली साखर 7.5 ग्रॅम. या दोन ओळींतला फरक समजून घेणे सर्वांत आवश्यक आहे. दुधात मुळातच लॅक्टोज नावाची साखर असते. साध्या दुधात तिचे प्रमाण 100 मिलिलिटरला साडेचार ते पाच ग्रॅमच्या आसपास असते. ती फारशी गोड लागत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेवर जी मर्यादा घालून दिली, तिच्यात ती मोजली जात नाही. ती मर्यादा वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचे रस यांच्यासाठी आहे. म्हणजे बारातून साडेसात वजा केले की उरणारे साडेचार ग्रॅम दुधाचे स्वतःचे, आणि साडेसात ग्रॅम कारखान्यात घातलेले. एखाद्या वेष्टनावर केवळ एकूण साखरेचा आकडा ठळक दिसत असेल, तर त्यातून साडेचार ते पाच वजा करून वरची साखर अंदाजे काढता येते.

आता दुसरी गोष्ट. हे आकडे 100 मिलिलिटरचे आहेत आणि बाटली 200 मिलिलिटरची आहे. मूल अर्धी बाटली पिऊन झाकण लावून ठेवत नाही, म्हणून सर्व आकडे दुप्पट करावे लागतात.

(दृश्य: स्वयंपाकघरातील वजनकाटा. चमच्याने साखर पडते आहे. काटा 15 ग्रॅमवर थांबतो.)

ही वरून घातलेली पंधरा ग्रॅम साखर आहे. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्याने मोजली, तर साधारण साडेतीन चमचे. आपल्यापैकी कोणीही घरी एका कप दुधात सहज साडेतीन चमचे साखर घालणार नाही. बाटलीत तेवढी असते आणि तरीही ती जिभेला अति गोड वाटत नाही, कारण ती आपण थंड करून पितो. थंड पेयाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो. हीच बाटली कोमट करून चाखून पाहावी, म्हणजे फरक लगेच कळतो.

पंधरा ग्रॅम म्हणजे थोडी की फार, याचे उत्तर पिणारे मूल कोण आहे यावर अवलंबून आहे. वेष्टनावर एका वाढपातून दिवसाच्या गरजेचा किती भाग मिळतो, ते टक्क्यांत दिलेले असते. आपल्या नियमांप्रमाणे त्यासाठी दिवसाला 2000 किलोकॅलरी आणि वरून घातलेली साखर 50 ग्रॅम हे माप धरले जाते. त्या हिशेबाने या बाटलीसमोर तीस टक्के असा आकडा येतो आणि वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. परंतु ते माप प्रौढ माणसाचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली दिलेल्या तक्त्यांत सात ते नऊ वर्षांच्या मुलांची गरज दिवसाला सुमारे 1700 किलोकॅलरी आहे. साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्याही आत राहावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 1700 चे पाच टक्के म्हणजे 85 किलोकॅलरी, आणि एक ग्रॅम साखरेच्या चार किलोकॅलरी धरल्या, तर दिवसभरासाठी सुमारे 21 ग्रॅम साखर. या आठ वर्षांच्या मुलीने छोट्या सुट्टीत बाटली संपवली, की त्यातले पंधरा ग्रॅम, म्हणजे सत्तर टक्के, सकाळी दहाच्या आधीच संपलेले असतात. घरचा चहा, बिस्किटे, जॅम आणि वाढदिवसाचे चॉकलेट हे सगळे अजून यायचे असते. दहा टक्क्यांची सैल मर्यादा धरली, तरी तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या एका बाटलीत जातो.

(दृश्य: दोन सारखे पेले. एकात साधे टोन्ड दूध, दुसऱ्यात केशरी रंगाचे दूध.)

मग या साखरेच्या बदल्यात अधिक काय मिळते? 200 मिलिलिटर साध्या टोन्ड दुधातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने आणि साधारण 240 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना दिवसाला 650 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, त्यामुळे एका पेल्यातून एक तृतीयांशाहून अधिक गरज भागते. हा दुधाचा खरा आणि मोठा लाभ आहे. शेजारच्या पेल्यातही जवळपास तेवढेच मिळते. अधिक मात्र काही मिळत नाही, कारण साखरेने व्यापलेल्या जागेत दूध नसते, आणि कॅल्शियम झाले तर किंचित कमीच होते. केशर-वेलचीचा स्वाद बहुतेक वेळा वरून घातलेल्या स्वादद्रव्यातून येतो आणि पिवळा रंग अनेकदा कृत्रिम असतो. घटकांच्या यादीत 102 किंवा 110 हे क्रमांक दिसले, तर तो रंग केशराचा नाही, हे ओळखावे. रंगाची मात्रा नियमात बसणारी असते, त्यामुळे तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु केशर पोटात जाते आहे, हा समज मात्र सोडावा.

साध्या दुधाला लॅक्टोजमुळे पोट बिघडणाऱ्या मुलांना स्वादाचे दूधही तितकेच त्रासदायक ठरू शकते, कारण त्यातले लॅक्टोज कोणी काढलेले नसते.

बाटलीबंद मिल्कशेकविषयी एक समज पक्का आहे, की दाट असलेला मिल्कशेक अधिक पौष्टिक असतो. दाटपणा अनेकदा कॅराजिननसारख्या घट्ट करणाऱ्या पदार्थांतून येतो. हा समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ कोकोची पूड तळाशी बसू देत नाही आणि जिभेवर सायीसारखी जाणीव निर्माण करतो. दूध किती आहे, हे कळायला दाटपणा उपयोगाचा नाही. त्यासाठी प्रथिनांची ओळ पाहावी. 100 मिलिलिटरला तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतील, तर ते मुख्यतः दूध आहे. आकडा दोनच्या खाली असेल आणि घटकांच्या यादीत पहिले नाव पाण्याचे असेल, तर आपण दुधाच्या नावाखाली गोड पाणी विकत घेतो आहोत, असे स्पष्ट म्हणावे लागेल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिली दोन-तीन नावे वाचली तरी पुष्कळ कळते.

(दृश्य: मिक्सर, चिकू, दूध. घरचा मिल्कशेक स्टीलच्या बाटलीत ओतला जातो आहे.)

विकतचे नको, म्हणून घरचा मिल्कशेक डब्यात देणारी घरे पुष्कळ आहेत. साखर न घालता पिकलेला चिकू किंवा केळे वापरले, तर हे पेय निश्चितच चांगले. अडचण वेळेची आहे. साडेसहाला भरलेली बाटली साडेनऊला उघडली जाते, तोवर ती दप्तरात, बसमध्ये आणि उन्हाळ्याच्या वर्गात असते. शिजवलेले किंवा नाशवंत अन्न थंडाव्याबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एक तासच, असा सुरक्षिततेचा दंडक आहे. फळ घातलेले दूध त्याच्यापुढे टिकत नाही. ताज्या पपईचे किंवा अननसाचे मिल्कशेक तर त्याआधीच कडवट होते, कारण या फळांतील द्रव्ये दुधाची प्रथिने फोडतात. साधे उकळलेले दूधही डब्यात याच कारणाने धोक्याचे ठरते. विकतची बाटली न नासण्याचे कारण एवढेच, की ती बंद झाल्यावर किंवा होण्याआधी फार उच्च तापमानाला निर्जंतुक केलेली असते. त्या प्रक्रियेत काही ब जीवनसत्त्वे कमी होतात, परंतु कॅल्शियम आणि प्रथिने टिकतात.

डब्यात दूध द्यायचेच असेल, तर अशाच निर्जंतुक पद्धतीने बंद केलेले, साखर न घातलेले छोटे पाकीट मिळते, ते द्यावे. मात्र मला अधिक सयुक्तिक वाटते, ते दूध डब्यातून काढून घरी आणणे. त्याचे आणखी एक कारण याच डब्यात आहे. बाटली छोट्या सुट्टीत राहून पोळीभाजीसोबत प्यायली गेली, तर मेथीच्या भाजीतील लोह शरीरात शोषले जाण्याच्या आड दुधातले कॅल्शियम येते. म्हणून पोळीभाजीसोबत पाणी आणि लिंबाची फोड द्यावी, आणि दूध शाळेतून आल्यावर किंवा रात्री, जेवणापासून थोडे दूर द्यावे.

(दृश्य: संध्याकाळ. तीच मुलगी, समोर पेला.)

राहता राहिला मूळ प्रश्न. ती साधे दूध पीतच नाही. अशा मुलाची बाटली एका दिवसात बंद केली, तर बहुधा दूधही बंद होते आणि 240 मिलिग्रॅम कॅल्शियम हातचे जाते. गोडव्याची सवय जशी लागली, तशीच टप्प्याटप्प्याने उतरवता येते. पहिल्या आठवड्यात पेल्यात तीन भाग बाटलीतले दूध आणि एक भाग साधे दूध घालावे, म्हणजे पंधरा ग्रॅमची साखर सव्वाअकरा ग्रॅमवर येते. पुढे निम्मे-निम्मे करावे, की ती साडेसात होते. त्यानंतर एक भागच बाटलीतले ठेवावे, आणि साखर पावणेचारवर येते. एखाद्या टप्प्यावर मूल अडले, तर तिथेच दोन आठवडे थांबावे, मागे जाऊ नये. शेवटी वेलचीपूड किंवा खरे केशर चिमूटभर घालून साधे दूध द्यावे, कारण ओळखीचा वास राहिला की गोडवा गेल्याचे फार जाणवत नाही.

एवढे करूनही दूध नको म्हणणारी मुले असतात. त्यांना बिनसाखरेचे दही द्यावे. एक वाटी दह्यातून जवळपास तेवढ्याच दुधाइतके कॅल्शियम मिळते. नाचणीची भाकरी ताटात असावी, कारण 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि एका छोट्या भाकरीला लागणाऱ्या तीस ग्रॅम पिठातून शंभरेक मिलिग्रॅम मिळते.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ. डब्यात पोळी, मेथीची भाजी, लिंबाची फोड. शेजारी पाण्याची बाटली. फ्रिजच्या दारावर लावलेल्या कागदावर लिहिलेले: आठवडा पहिला, तीनास एक.)