डिप्समधला ओळंबा

डिप्स मारताना पुढे झुकलं की छातीवर काम येतं आणि सरळ राहिलं की ट्रायसेप्सवर, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते खरंही आहे. मात्र असं का होतं, हे कळलं तर किती खाली जायचं हेही त्यातूनच कळतं. खांदे दुखतात ते बहुतेकदा इथेच चुकल्यामुळे. म्हणून आज मी एवढ्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे.

गवंडी भिंत सरळ आहे का हे बघायला ओळंबा सोडतो. तसा एक ओळंबा तुमच्या तळहातातून सोडला आहे, असं समजा. बार ढकलत नाही की ओढत नाही, तो फक्त तुम्हाला वर उचलून धरतो. त्यामुळे बारचा जोर या ओळंब्याच्याच रेषेत वर येतो. आता बाजूने बघा. सगळ्यात खालच्या टप्प्यावर दंड, म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग, आडवा होतो. कोपर ओळंब्याच्या मागे असतं, खांदा पुढे असतो. कोपर जितकं मागे, तितकं ते सरळ करायला ट्रायसेप्सला जास्त झगडावं लागतं. खांदा जितका पुढे, तितकं छातीला आणि खांद्याच्या पुढच्या स्नायूला.

दंडाची लांबी तर बदलत नाही. समजा ती ३० सेंटिमीटर आहे. ओळंबा या ३० सेंटिमीटरची दोन भागांत वाटणी करतो: एक वाटा कोपराचा, दुसरा खांद्याचा. वजन कुठे नाहीसं होत नाही, एकाचा वाटा कमी झाला की दुसऱ्याचा तेवढाच वाढतो.

हीच वाटणी आकड्यांत बघू. माणूस ७० किलोचा, म्हणजे एकेका हातावर साधारण ३५ किलो. शरीराचा तोल बारवर राहायचा असेल तर गुरुत्वमध्य हातांच्या बरोबर वर किंवा खाली हवा, नाहीतर माणूस झोके खाईल. हा मध्य नाभीच्या आसपास, खांद्यापासून सुमारे ३८ सेंटिमीटरवर धरा. धड उभ्या रेषेपासून २० अंश झुकलं असेल, तर खांदा हातांच्या साधारण १३ सेंटिमीटर पुढे येतो. कोपराकडे उरले १७. धड ३५ अंश झुकवलं की खांदा सुमारे २२ सेंटिमीटर पुढे जातो आणि कोपराकडे फक्त ८ उरतात. वजन तेच, बार तोच, पण ट्रायसेप्सवरचा ताण निम्म्याहून खाली आला आणि खांद्याच्या सांध्यावरचा दीडपटीहून जास्त झाला. हे आकडे ढोबळ आहेत, कारण प्रत्येकाच्या हाडांची लांबी वेगळी. तरीही वाटणीची दिशा सगळ्यांची हीच राहते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. झुकणं डोक्यावर नाही, पायांवर ठरतं. नुसती मान खाली घालून छातीवर काम येत नाही. गुडघे वाकवून पाय मागे घेतले की शरीराचा भार मागे जातो आणि तोल राखायला खांद्यांना पुढे यावंच लागतं. पाय पुढे धरले की उलट होतं, धड आपोआप सरळ राहतं. त्यामुळे शिकवताना मी "झुक" असं म्हणत नाही, "पाय मागे घे" म्हणतो.

आता खोलीबद्दल, कारण माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. दंड धडाच्या मागे किती जाऊ शकतो याला मर्यादा आहे. बहुतेकांच्या बाबतीत ती ५० ते ६० अंशांच्या आसपास असते. धड २० अंश झुकलेलं असताना दंड आडवा केला, तर तो धडाच्या मागे ७० अंश गेला. म्हणजे मर्यादेबाहेर. उरलेले अंश कुठून येतात? पाठीवरची चपटी हाडं, म्हणजे खवाटे, पुढे कलतात, खांदा पुढे गोल होतो आणि सांध्याच्या पुढच्या बाजूच्या आवरणावर ताण पडतो. तेच धड ३५ अंश झुकलेलं असेल तर आडवा दंड धडाच्या ५५ अंश मागे असतो. तिथे सांध्याला जागा उरते.

म्हणजे "ट्रायसेप्सची" सरळ डिप्स खांद्याला सौम्य असते ही समजूत उलटी आहे. तितक्याच खोलीवर सरळ डिप्स खांद्याला जास्त मागे ओढते. म्हणून सरळ राहायचं असेल तर वर थांबायला हवं. वरच्या उदाहरणात दंड आडवा होण्याच्या १५ अंश आधी, म्हणजे खांदा कोपरापेक्षा सात-आठ सेंटिमीटर वर असतानाच. झुकलेल्या डिप्समध्ये खांदा कोपराच्या पातळीपर्यंत नेता येतो. त्याखाली जाण्यात बहुतेकांना फायदा नाही. तिथे स्नायूपेक्षा आवरणंच जास्त वजन झेलतात.

कोपरांची वाट हा या वाटणीचा दुसरा भाग. कोपरं बरगड्यांजवळून सरळ मागे जात असतील तर दंड फक्त मागे-पुढे फिरतो, आणि त्याला पुढे आणताना खांद्याचा पुढचा स्नायू मोठा वाटा उचलतो. कोपरं थोडी बाहेर गेली की वर येताना दंड शरीराकडे ओढलाही जातो. हे ओढण्याचं काम छातीच्या खालच्या, उरोस्थीकडच्या भागाचं असल्याने छातीला जास्त मिळतं. बाहेर म्हणजे ३० ते ४५ अंश पुरेत. पार आडवी फाकवली तर दंड आतल्या बाजूला वळतो आणि तोही ताण सांध्यावर येतो. बार फार रुंद असतील तर कोपरं न सांगता फाकतात, तेव्हा खांद्याएवढं किंवा जरासंच जास्त अंतर घ्यावं.

ट्रायसेप्सबद्दल एकच. त्याच्या तीन भागांना डोकी म्हणतात, आणि त्यातलं लांब डोकं खांद्यालाही ओलांडून जातं. डिप्समध्ये वर येताना ते कोपरापाशी आखडतं, पण खांद्यापाशी त्याच वेळी ताणलं जातं. त्यामुळे मुख्य काम बाकीच्या दोन डोक्यांकडे जातं. लांब डोक्यासाठी हात डोक्यावर नेणारा व्यायाम वेगळा करावा लागतो.

एक उदाहरण सांगतो. माझ्याकडे एक मुलगा आला होता. आठ-दहा डिप्स झाल्या की उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचायचं. तो स्वतःला पूर्ण सरळ ठेवायचा आणि खांदे कोपरांच्या खाली नेईपर्यंत उतरायचा. बाजूने काढलेला व्हिडिओ आम्ही खालच्या टप्प्यावर थांबवला. कॉलरबोनच्या बाहेरचं टोक पुढे फुगलं होतं, हनुवटी पुढे आली होती. खवाटे कलल्याची ती खूण. खाली टोचायचं, वर येताना नाही, हेही लक्षात घेण्यासारखं होतं. दोन आठवडे डिप्स बंद केल्या, मग रबर बँडच्या आधाराने सुरू केल्या. पाय मागे, धड झुकलेलं, आणि खाली एक उंच ठोकळा ठेवला. वाकवलेले गुडघे त्याला टेकले की खोली संपली. ही खोली आम्ही व्हिडिओ बघून ठरवली होती: खांदा पुढे गोल व्हायला लागतो त्याच्या दोन बोटं आधी. उतरताना तीन सेकंद. चौथ्या आठवड्यात बँड काढला तेव्हा टोचणं नव्हतं. मग त्याने सरळ डिप्स परत मागितल्या. मी दिल्या, फक्त ठोकळा आणखी सात सेंटिमीटर उंच करून.

दुखणं खांद्यातून हाताकडे उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर ठोकळ्याने काम होणार नाही. तिथे डॉक्टरच हवा. बाकीच्यांनी आज घरी जाऊन एक सेट बाजूने चित्रित करा, खालच्या टप्प्यावर थांबवा आणि तळहातातून एक उभी रेघ काढून बघा, ती दंडाला कुठे कापते.